उन्हाळ्यात पडलेला स्लॅब: पाणी कधीपासून, किती दिवस आणि कशासाठी

मराठवाड्यात घराचे स्लॅब बहुतेक एप्रिल-मेमध्येच पडतात. पावसाच्या आत डोक्यावर छत यायला हवं असतं, शेतातली कामं संपलेली असतात, मजूर मिळतात. काँक्रीटसाठी मात्र वर्षातला हाच काळ सगळ्यात वाईट. पारा चाळिशीच्या पुढे, हवेत ओल नाही, दुपारी गरम वारा, आणि पाणी टँकरचं. स्लॅबच्या दिवशी नारळ फुटतो, मजुरांना जेवण होतं, सगळे दमून घरी जातात. स्लॅबच्या आयुष्यातले सगळ्यात नाजूक तास नेमके तेव्हा सुरू झालेले असतात.

लातूरच्या बाहेरच्या एखाद्या वसाहतीतलं साधं घर डोळ्यासमोर धरू. हजार चौरस फुटांचा स्लॅब, म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. जाडी 5 इंच. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, कारण आज दुकानात बहुतेक वेळा तेच मिळतं. काँक्रीट एम 20. खोल्या बारा बाय चौदाच्या आसपास. अशी घरं हजारोंनी उभी राहतात आणि त्यांच्या क्युरिंगचा निर्णय बहुधा मोटार कोण चालू करणार यावर सोडलेला असतो.

एका चौरस मीटरचा हिशोब

क्युरिंग म्हटलं की काँक्रीटला पाणी पाजायचं, अशी समजूत असते. झाडाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो तसं स्लॅबवर पाइप फिरवला की झालं. खरं तर काँक्रीटला लागणारं पाणी मिक्सरमध्येच टाकलेलं असतं. ते पाणी आतच थांबलं पाहिजे, यासाठी क्युरिंग करायचं असतं. हे एकदा पटलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

आपल्या स्लॅबचा एक चौरस मीटरचा तुकडा घ्या. 5 इंच जाडीच्या त्या तुकड्यात साधारण एक पोतं सिमेंट बसतं, कारण हाती मोजमापाने केलेल्या एम 20 च्या मालाला घनमीटरमागे आठेक पोती लागतात. पोत्यामागे चांगल्या मिस्त्रीने पाणी टाकलं 25 लिटर. म्हणजे त्या चौरस मीटरमध्ये 25 लिटर पाणी आहे.

सिमेंट घट्ट होतं ते वाळून नव्हे. सिमेंटच्या कणांची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्यातून नवे, एकमेकांत गुंतलेले पदार्थ तयार होतात. खडी आणि वाळू धरून ठेवतं ते हेच जाळं. एका पोत्याची क्रिया पूर्ण व्हायची तर साडेअकरा लिटर पाणी थेट त्या पदार्थांत बांधलं जातं. आणखी नऊ-साडेनऊ लिटर त्यांच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं आणि ते कामाला येत नाही. म्हणजे एकूण 21 लिटरची गरज. आपण टाकलेल्या 25 पैकी शिल्लक राहिले चार लिटर.

आता एप्रिलची दुपार बघा. कडक ऊन, कोरडी हवा आणि वारा असेल तर ताज्या ओल्या पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे एक लिटर पाणी सहज उडतं. म्हणजे चार तासांत शिल्लक संपली. काँक्रीट घट्ट होत गेलं की उडण्याचा वेग कमी होतो, पण थांबत नाही. आणि हे पाणी सगळ्या जाडीतून सारखं जात नाही, वरच्या थरातून जातं. वरच्या दोन सेंटीमीटरमध्ये पाणी आहेच जेमतेम चार लिटर. खालून थोडं पाणी वर येत राहतं म्हणून तो थर लगेच कोरडा पडत नाही, पण नुकसान सुरू होतं ते तिथूनच.

पाणी उडालं की सिमेंट मरत नाही, क्रिया थांबते. काँक्रीटच्या आतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या खाली आली की ती जवळजवळ बंदच पडते. पाण्याने भरलेल्या जागा, ज्या पुढे त्या नव्या पदार्थांनी भरून जायला हव्या होत्या, त्या रिकाम्या पोकळ्या म्हणून तशाच राहतात. पुन्हा पाणी मारलं तर क्रिया पुन्हा सुरू होते, पण एकदा वाळलेल्या पोकळीत पाणी पहिल्यासारखं पोहोचत नाही. म्हणून दिवसातून दोनदा पाइप फिरवणं आणि मधल्या दुपारी स्लॅब पांढरा पडू देणं, याला क्युरिंग म्हणता येत नाही. दोन्ही वेळा पाणी मारूनही रोज सहा-सात तास काम बंदच असतं.

पहिली दुपार आणि पहिली रात्र

गावाकडे स्लॅब सकाळी सातला सुरू होतो, दुपारी दोन-तीनला संपतो, आणि पाणी मारायला दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी येतं. उन्हाळ्यात हा क्रमच उलटा आहे. सकाळी सातला टाकलेला पट्टा दुपारी बाराला सगळ्यात नाजूक अवस्थेत असतो आणि त्याच्यावर ऊन मी म्हणत असतं. जमत असेल तर दुपारी चारला सुरुवात करून रात्री दहा-अकराला संपवावं. हॅलोजन लावावे लागतात, मजूर थोडे जास्त पैसे मागतात, पण पहिले आठ-दहा तास ऊन नसल्याचा फायदा त्याहून मोठा आहे. सुरू करण्याआधी सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा पाण्याने थंड करायच्या, पाणी साचू न देता. त्या दिवसभर तापलेल्या असतात आणि हात लावला तरी चटका बसतो. काँक्रीट टाकताना मालाचं तापमान 40 अंशांच्या पुढे जाऊ नये, हा भारतीय मानकांचाच नियम आहे.

सकाळी टाकणं भागच असेल तर मागे मागे झाकत चला. पट्टा भरला, व्हायब्रेटर मारला, पाटा ओढला, थापीने सारखा केला, वरची पाण्याची चमक गेली की लगेच त्याच्यावर प्लास्टिकचा कागद. कडांवर वाळू किंवा फळ्या ठेवायच्या, नाहीतर खालून वारा शिरतो आणि सगळा उपद्व्याप वाया जातो. कागदामुळे पृष्ठभागावर सुरकुत्या उमटतील, त्याची चिंता नको. वर पुढे वॉटरप्रूफिंग किंवा कोबा येणारच आहे.

चमक जाण्याचा क्षण नजरेने पकडायला शिकलं पाहिजे. ताजं काँक्रीट टाकल्यावर जड खडी-वाळू खाली बसते आणि थोडं पाणी वर येतं. स्लॅब काचेसारखा चमकतो. जोवर ही चमक आहे तोवर उडणाऱ्या पाण्याची भरपाई खालून होते आहे. चमक गेली आणि पृष्ठभाग मंद, राखट दिसायला लागला, की उडणं भरपाईच्या पुढे गेलं. वरचा थर आकसायला बघतो, खालचा त्याला सोडत नाही, आणि थरात अजून ताण सहन करण्याइतकी ताकद आलेली नसते. अशा वेळी तडे जातात.

हे तडे ओळखायला सोपे असतात. टाकल्यापासून काही तासांत दिसतात. बऱ्याचदा एकमेकांना समांतर, तिरके, फूट-दोन फूट अंतराने. वर रुंद आणि खाली निमुळते. कडेपर्यंत क्वचित जातात. काँक्रीट अजून मऊ असेल तर थापीने दाबून, थोपटून ते बंद करता येतात, आणि बंद केल्याबरोबर झाकायचं. घट्ट झाल्यावर दिसले तर त्यावर सिमेंटचं पाणी ओतून काही होत नाही. ते पातळ पाणी तड्याच्या तोंडाशी सुकतं, तडा आतून तसाच राहतो. अशा तड्यांची नीट दुरुस्ती पुढे, क्युरिंग संपल्यावर करायची असते.

सळयांच्या बरोबर वर, सळयांच्या जाळीसारख्या चौकटीत तडे आले तर त्यांचं कारण वेगळं. काँक्रीट खाली बसलं आणि सळईवर अडकलं. ते व्हायब्रेटर नीट न लागल्याचं किंवा माल फार पातळ असल्याचं लक्षण, क्युरिंगचा दोष नव्हे. दोन्ही प्रकार एकाच स्लॅबवर दिसू शकतात, म्हणून तड्यांचा नकाशा बघून मगच मिस्त्रीला जाब विचारावा.

आणखी एक जुनी सवय मला मुळीच पटत नाही. फिनिशिंग चांगलं दिसावं म्हणून चमकणाऱ्या पाण्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटतात. वर पातळ, कडक दिसणारी पापडी तयार होते. महिन्याभरात तिच्यावर जाळीदार बारीक रेषा येतात आणि पुढे ती सुटते.

बोट दाबून ठसा उमटेनासा झाला, उन्हाळ्यात हे साधारण चार-सहा तासांत होतं, की प्लास्टिक उचलून ओलं गोणपाट पसरायचं आणि त्यावर पुन्हा प्लास्टिक. पाणी झारीने किंवा पाइपच्या तोंडावर बोट धरून फवाऱ्याने द्यायचं. थेट धार मारली तर वरचं सिमेंट वाहून जातं आणि वाळू उघडी पडते. दुपारी उन्हात तापलेल्या स्लॅबवर एकदम बोअरचं गार पाणी सोडू नये. पाणी काँक्रीटपेक्षा दहा-अकरा अंशांहून जास्त थंड असेल तर वरचा थर अचानक आकसतो. पाणी टाकीत थोडा वेळ राहू द्यावं, किंवा पहाटे द्यावं.

आळी आणि टँकर

दुसऱ्या दिवशी सकाळी आळी बांधायची. एकास दहाच्या आसपास अगदी कमी सिमेंटचा माल करून दोन-अडीच इंच उंचीचे बांध घालायचे. दीड-दोन मीटरचे चौकोन पुरे. मोठे चौकोन केले की स्लॅबच्या उतारामुळे एका कोपऱ्यात तीन इंच पाणी आणि दुसरा कोपरा कोरडा, असं होतं. काळ्या मातीचे बांध टाळावेत. माती पृष्ठभागात मुरते, डाग पडतात आणि पुढे वॉटरप्रूफिंग धरत नाही. पाणी जाण्यासाठी सोडलेल्या नळ्यांची तोंडं गोणपाटाने बुजवायची. स्लॅबच्या उभ्या कडा आणि छज्जे आळ्यांच्या बाहेर राहतात, त्यांच्यावर गोणपाट सोडायचं आणि ते वरच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे ते आपोआप ओलं राहतं.

पाणी किती? आळ्यांत दोन इंच पाणी पुरतं. आपल्या 93 चौरस मीटरवर दोन इंच म्हणजे साडेचार हजार लिटरच्या थोडं वर. पाच हजारांचा एक टँकर. वजन साडेचार टन, म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो. स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर असतं, त्यामुळे खाली टेकू उभे असताना हा भार काळजीचा नाही. उंच बांध घालून सहा इंच पाणी भरण्यात मात्र काही अर्थ नाही. जास्त खोल पाण्याने काँक्रीट जास्त मजबूत होत नाही.

खरा खर्च रोजच्या भरपाईचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला साधारण एक सेंटीमीटर उडतं असं धरलं तर आपल्या स्लॅबवरून रोज नऊशे लिटर गेले. चौदा दिवसांचा हिशोब केला तर पहिली भरती आणि रोजची भरपाई मिळून सोळा-सतरा हजार लिटर. त्यात गळती आली की चार टँकर. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा आकडा ऐकून घरमालक आठवड्यात मोटार बंद करतो, आणि मी त्याला दोष देणार नाही.

म्हणून माझं सांगणं असं. आळी पहिले सात दिवस ठेवा. त्यानंतर पाण्याची भरपाई थांबवा, आळ्यांतलं उरलेलं पाणी गोणपाटात मुरू द्या, आणि सगळ्या स्लॅबवर ओलं गोणपाट व त्यावर 100 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घालून पुढचे सात दिवस काढा. कागदाचे पट्टे एकमेकांवर फूटभर चढवायचे, कडा दाबायच्या. पाणी उडून कागदाला खालून चिकटतं आणि पुन्हा खाली पडतं. रोज सकाळी दोन-चार ठिकाणी कागद उचलून बघायचं आणि गोणपाट हाताला गार-ओलं लागत नसेल तिथेच झारीने पाणी द्यायचं. दिवसाला शंभर-दोनशे लिटरमध्ये भागतं. पाणी अजिबातच नसेल तर पहिल्या दिवसापासून हीच पद्धत चालवली तरी चालेल, मात्र रोज कागद उचलून बघणारा माणूस हवा. काळा कागद उन्हात फार तापतो. पांढरा किंवा दुधी मिळाला तर तोच घ्यावा.

फवारून लावायची क्युरिंग कंपाउंडं मिळतात, रस्त्यांवर ती वापरतात. घराच्या स्लॅबवर मी ती सुचवणार नाही. त्यांचा मेणासारखा थर पुढे वॉटरप्रूफिंगला चिकटू देत नाही आणि तो काढायला वेगळी मेहनत लागते.

पाणी पिण्याच्या लायकीचं असेल तर क्युरिंगला बिनधास्त चालतं. चवीला खारट लागणारं बोअरचं पाणी टाळा, क्षार काँक्रीटमधून सळईपर्यंत जातात. कोकणात कुणी समुद्राचं पाणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

आळ्यांचा खरा शत्रू वरच्या मजल्याचं काम. तिसऱ्या दिवशी कॉलमची लाइन मारायला माणसं चढतात आणि बांध फुटतात. विटांचे चट्टे रचतात ते वेगळंच. कॉलमच्या सळयांभोवतीचा तेवढा भाग आळ्यांबाहेर ठेवून तिथे गोणपाट घालावं, आणि विटा-वाळू स्लॅबवर चढवणं टेकू असेपर्यंत लांबवावं. कंत्राटदाराशी हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. तिसऱ्या दिवशी बोललं तर वाद होतो.

सात की चौदा

आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक. साधं ओपीसी सिमेंट असेल तर कमीत कमी 7 दिवस सतत ओलं ठेवा, पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर 10 दिवस, हवा कोरडी व गरम असेल तर कुठल्याही सिमेंटला 10 पेक्षा कमी नको, आणि मिश्र सिमेंटला ही मुदत 14 पर्यंत वाढवावी असं ते सांगतं. आपल्या लातूरच्या स्लॅबवर पीपीसी आणि ऊन दोन्ही आहेत, म्हणून 14.

आपलं सिमेंट कोणतं ते पोत्यावर बघा. आयएस 1489 असेल तर पीपीसी, आयएस 269 असेल तर ओपीसी. किती मालकांना हे माहीत नसतं याचं मला नेहमी वाईट वाटतं, कारण चौदा दिवसांची गरज त्या दोन आकड्यांत लिहिलेली असते.

पीपीसीला जास्त दिवस का, तर त्यात औष्णिक वीज केंद्रातली राख असते. ही राख एकटी पाण्याशी फारशी काही करत नाही. आधी सिमेंटची क्रिया होऊन चुना तयार व्हावा लागतो, मग राख त्या चुन्याशी पाण्याच्या साक्षीने हळूहळू जुळते आणि आणखी घट्ट पदार्थ बनतात. हा दुसरा टप्पा पहिल्या आठवड्यात जेमतेम सुरू होतो. पीपीसीच्या स्लॅबला सातव्या दिवशी वाळवलं, तर राखेसाठी पैसे दिले आणि राख आत नुसती भरताड म्हणून राहिली. उलट चौदा दिवस नीट ओला राहिलेला पीपीसीचा स्लॅब ओपीसीपेक्षा कमी झिरपतो.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. स्लॅबच्या दिवशी इंजिनिअर 15 सेंटीमीटरचे क्यूब भरून घेतो. ते दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत टाकतात आणि 28 दिवसांनी फोडतात. रिपोर्ट येतो: ताकद 20 च्या वर, एम 20 पास. पण तो क्यूब 28 दिवस टाकीत बुडालेला होता, आणि तुमचा स्लॅब उन्हात. त्या रिपोर्टने माल चांगला होता एवढंच सिद्ध होतं. स्लॅबच्या क्युरिंगबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. खात्री हवी असेल तर दोन-तीन जादा क्यूब भरून ते स्लॅबवरच, स्लॅबसारखेच झाकून आणि ओले करून ठेवायला सांगा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या क्युरिंगचा निकाल.

जुन्या प्रयोगशाळांतल्या चाचण्यांत, अजिबात ओलं न ठेवता हवेत वाळलेले नमुने सतत ओल्या ठेवलेल्या नमुन्यांच्या निम्म्याच्या थोडेच वर पोहोचले. पाच इंची स्लॅब आतून इतका वाळत नाही, म्हणून क्युरिंग चुकलेले स्लॅब सहसा कोसळत नाहीत. पण वरची आणि खालची तीन-चार सेंटीमीटरची त्वचा कच्ची राहते, आणि सळई नेमकी तिच्यातच असते. घराच्या आतल्या बाजूला सळईखाली फक्त 20 मिलिमीटरच्या आसपास कव्हर असतं. ते सच्छिद्र राहिलं की वरून पावसाचं पाणी, खालून हवा सळईपर्यंत लवकर पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि कव्हर आतून ढकलतो. दहा-पंधरा वर्षांनी स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे पडून काळपट सळई दिसते, त्याची सुरुवात कित्येकदा पहिल्या पंधरा दिवसांतल्या वाळलेल्या दुपारींत असते.

टेकू कधी काढायचे

क्युरिंग आणि सेंट्रिंग या दोन वेगळ्या गोष्टी, पण लोक एकात घालतात. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात आणि तो सातव्या दिवशी फोन करतो. मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्यापुढच्या गाळ्याचे चौदा दिवसांनी काढता येतात. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत चौदा, त्यापुढे एकवीस दिवस. पण हे आकडे ओपीसीसाठी दिलेले आहेत. पीपीसीची ताकद सुरुवातीला सावकाश येते, तेव्हा बारा बाय चौदाच्या खोलीतही मी चौदा दिवसांआधी टेकू हलवू देणार नाही. क्युरिंग मध्येच सुटलेलं असेल तर त्याहून थांबायचं. प्लेटा खाली असेपर्यंत स्लॅबची खालची बाजूही झाकलेली राहते, हा वरचा फायदा.

प्लेटा काढल्या की लगेच, खालची बाजू वाळायच्या आत, छताकडे बघा. एरवी एकसारख्या राखाडी छतावर ओले काळे ठिपके दिसले तर तिथे वरचं पाणी झिरपलं आहे, म्हणजे आत मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळी असण्याची शक्यता आहे. आळ्यांतलं पाणी असं फुकटात गळतीची चाचणी करून देतं. ठिपक्यांच्या जागा खडूने आखून ठेवा आणि दुरुस्तीच्या आधी त्यावर प्लास्टर होऊ देऊ नका.

चुकलं असेल तर

पृष्ठभाग कच्चा राहिलाय का ते घरच्या घरी कळतं. कोरड्या स्लॅबवर खिळ्याने ओरखडा काढा. चांगल्या काँक्रीटवर जेमतेम पांढरी रेघ उमटते, कच्च्यावर खाचच पडते आणि पीठ निघतं. तळहात घासल्यावर हाताला राखट भुकटी लागली तर तेच. पेलाभर पाणी ओता. ते काही वेळ साचून राहिलं तर बरं. टीपकागदासारखं डोळ्यादेखत आत शोषलं गेलं तर वरचा थर सच्छिद्र आहे.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं, तर वेळ गेलेली नाही. लगेच आळी बांधून चौदा दिवस मोजायला नव्याने सुरुवात करा. गेलेलं सगळं परत येत नाही, पण न फुललेलं बरंच सिमेंट आत शिल्लक असतं आणि विशेषतः पीपीसीत राखेचं काम बाकीच असतं. महिना-दोन महिने उलटल्यावर मात्र पाणी घालण्याचा फारसा उपयोग नाही. तेव्हा सुटणारी भुकटी आणि पापडी घासून काढायची, तडे भरायचे, आणि छताचं वॉटरप्रूफिंग पुढे न ढकलता पहिल्या पावसाआधी उरकायचं. कच्च्या स्लॅबला बाहेरून वाचवणारा तेवढाच एक थर उरतो.

आणि सगळं नीट झालं असेल, तर चौदाव्या दिवशी घाईने सगळं उचलू नका. प्लास्टिक काढा, गोणपाट तसंच ठेवून तीन-चार दिवस आपोआप वाळू द्या, म्हणजे वरचा थर एकदम आकसत नाही. मग गोणपाट उचला, बांध छिन्नीने ठोकून न काढता फावड्याने खरवडून काढा, आणि स्लॅब झाडून घ्या.